हप्ता निघाला कुठून, पोचला कुठे?
परदेशी राहणाऱ्या विमाधारकाने विमा कंपनीला लिहायचे पत्र

घरातला मुलगा नोकरीसाठी मस्कतला किंवा दुबईला गेला की विम्याच्या हप्त्याची सोय बहुतेक घरांत तोंडीच ठरते. ‘बाबा भरतील’ किंवा ‘एजंटकाका येऊन चेक घेऊन जातील’ एवढे बोलून विषय संपतो. चिपळूण, सावंतवाडी, मडगाव इथल्या कितीतरी घरांत ही व्यवस्था वर्षानुवर्षे चालते. हप्ता वेळेवर जातो, पावती फायलीत लागते, पॉलिसी चालू राहते. त्यामुळे विमा कंपनीला आपण देश सोडल्याचे कळवायला हवे, हे कुणाच्या मनातही येत नाही.

पण कंपनीच्या नोंदीत तो मुलगा अजून चिपळूणच्या घरीच राहत असतो. त्याचा मोबाइल नंबर जुना असतो आणि बँकखातेही जुनेच असते. हप्ता चुकल्याची सूचना जिथे जाते तिथे वाचणारा कुणी नसतो. पुढे मुदतपूर्तीची रक्कम हाती येते, तेव्हा ती परदेशी नेता येईल की नाही हे एका साध्या प्रश्नावर ठरते: हप्ते कोणत्या खात्यातून भरले होते? त्या वेळी मागच्या वीस वर्षांचे उत्तर बदलता येत नाही. म्हणून देश सोडल्यावर विमा कंपनीला लिहायचे एक पत्र महत्त्वाचे ठरते. त्याची दोन कामे असतात: आपण कुठे भेटू हे सांगणे आणि यापुढे पैसा कुठून येईल हे सांगणे.

आधी आपण अनिवासी कधी होतो ते पाहू

इथे दोन कायदे दोन वेगळी मापे लावतात आणि त्यातून गोंधळ होतो. आयकर कायदा एका आर्थिक वर्षात आपण भारतात किती दिवस राहिलो ते मोजतो. परकीय चलनाचा कायदा, म्हणजे 1999 चा फेमा, आपण कशासाठी गेलो ते पाहतो. नोकरीसाठी देश सोडला की फेमाच्या दृष्टीने माणूस तेव्हापासूनच अनिवासी होतो. त्यासाठी वर्ष संपायची वाट पाहावी लागत नाही.

याचा पहिला परिणाम बँकेत होतो. आपले नेहमीचे बचत खाते अनिवासी झाल्यावर तसेच वापरत राहता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ खाते करून घ्यावे लागते. भारतातले भाडे, लाभांश, शेतीचे उत्पन्न असा इथला पैसा या खात्यात येतो. त्याशिवाय एनआरई नावाचे वेगळे खाते उघडता येते. त्यात परदेशातली कमाई रुपयांत रूपांतरित होऊन जमा होते आणि हवी तेव्हा मूळ रक्कम व्याजासह परदेशी परत नेता येते. एनआरओ खात्यातला पैसा परदेशी न्यायचा तर त्याला मर्यादा आणि कागदपत्रे लागतात. पासबुकावर दोन्ही खाती रुपयांतच दिसतात, पण कायद्याच्या नजरेत एकातला पैसा बाहेरून आलेला असतो आणि दुसऱ्यातला इथला. विम्याच्या बाबतीत पुढचे सगळे या भेदावर उभे आहे.

खात्याचा फरक मुदतपूर्तीला कसा दिसतो

रुपयांतल्या आयुर्विमा पॉलिसीबद्दल रिझर्व्ह बँकेचा मूळ नियम प्रमाणाचा आहे. रक्कम घेणारा भारताबाहेर राहत असेल, तर एकूण हप्त्यांपैकी जेवढा भाग परकीय चलनातून भरला गेला, तेवढ्याच प्रमाणात रक्कम परकीय चलनात देता येते. परदेशातून थेट पाठवलेला किंवा एनआरई खात्यातून भरलेला हप्ता परकीय चलनातला धरला जातो. एनआरओ खात्यातून, जुन्या बचत खात्यातून किंवा वडिलांच्या खात्यातून गेलेला हप्ता रुपयातला धरला जातो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. चिपळूणच्या एका अभियंत्याने जून 2014 मध्ये वीस वर्षांची पॉलिसी घेतली. वार्षिक हप्ता 48,000 रुपये, देय तारीख 15 जून. हिशेब सोपा राहावा म्हणून त्या काळचा कर बाजूला ठेवू. जून 2021 पर्यंत त्याने आठ हप्ते आपल्या इथल्या बचत खात्यातून भरले. जानेवारी 2022 मध्ये तो मस्कतला गेला. जून 2022 ते जून 2033 असे बारा हप्ते उरले होते.

वीस हप्त्यांची बेरीज 9,60,000 रुपये होते. बारा हप्ते एनआरई खात्यातून गेले तर त्यांचे 5,76,000 रुपये, म्हणजे एकूण हप्त्यांच्या 60 टक्के, परकीय चलनातले ठरतील. मुदत संपल्यावर 20 लाख रुपये हाती येणार असे धरले, तर 12 लाख रुपये त्याच्या एनआरई खात्यात जाऊ शकतील आणि तिथून मस्कतला किंवा आणखी कुठे. उरलेले 8 लाख एनआरओ खात्यात जातील.

आता हेच बारा हप्ते बाबांनी चिपळूणच्या खात्यातून भरले असते तर? मुलगा महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पाठवत असला आणि मनाच्या हिशेबात हप्ता त्याच्याच कमाईचा असला, तरी विमा कंपनीच्या आणि बँकेच्या नोंदीत तो रुपयांतला हप्ता ठरतो. मग सगळे 20 लाख एनआरओ खात्यात.

याचा अर्थ ते पैसे कायमचे अडकले असा नाही. एनआरओ खात्यातून एका आर्थिक वर्षात 10 लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते आणि सर्वसाधारण घराला ही मर्यादा पुरून उरते. पण त्यासाठी पैशाचा उगम दाखवावा लागतो, कर भरल्याची कागदपत्रे लागतात आणि बहुधा सनदी लेखापालाचे प्रमाणपत्रही. एनआरई खात्यात आलेल्या रकमेला यातले काही लागत नाही. आणि माणूस कायमचा परत येणार असेल, तर रक्कम रुपयांतच हवी असते, मग प्रमाणाचा प्रश्नच उरत नाही. तिशी-पस्तिशीत मात्र कुणाला ठाऊक नसते की 2034 साली आपण चिपळूणला असू, मस्कतला की टोरांटोला. म्हणून पहिल्या परदेशी हप्त्यापासून खाते योग्य निवडावे आणि तसे लेखी कळवावे.

पत्रात काय लिहावे

पत्र आपल्या सर्व्हिसिंग ब्रँचला, म्हणजे पॉलिसीची देखभाल ज्या शाखेकडे आहे तिथे लिहावे. शाखेचे नाव पॉलिसीच्या दस्तऐवजावर आणि हप्त्याच्या पावतीवर असते. आज हप्ता कोणत्याही शाखेत किंवा घरबसल्या भरता येतो, पण नोंदीतले बदल सर्व्हिसिंग शाखेकडून करून घेणे सोपे जाते.

अशा पत्रांत सहसा एक चूक होते. सगळे एकाच परिच्छेदात सांगितले जाते: मी इथे आलो, नंबर बदलला, हप्ता आता या खात्यातून कापा. पत्ता बदलणे, निवासी स्थिती नोंदवणे आणि हप्त्याची कापणी नव्या खात्याला जोडणे ही वेगवेगळी कामे आहेत आणि बऱ्याचदा ती वेगवेगळ्या टेबलांवर होतात. पहिले काम झाले की पत्र फायलीत जाते आणि पुढची दोन तशीच राहतात. म्हणून मागण्या क्रमांक देऊन सुट्या लिहाव्या आणि प्रत्येकीचे उत्तर मागावे. आपल्या अभियंत्याचे पत्र साधारण असे होईल:

मा. शाखा व्यवस्थापक यांस,

विषय: संपर्क आणि निवासी स्थितीतील बदल, तसेच हप्ता परदेशातून भरण्याची व्यवस्था. पॉलिसी क्रमांक (पूर्ण क्रमांक).

महोदय,

वरील पॉलिसी जून 2014 पासून माझ्या नावावर आहे. वार्षिक हप्ता 48,000 रुपये असून तो 15 जूनला देय असतो. जून 2021 पर्यंतचे हप्ते भरलेले आहेत. जानेवारी 2022 पासून मी नोकरीनिमित्त मस्कत, ओमान येथे राहत आहे. कृपया पुढील चार नोंदी कराव्यात.

1. माझा राहण्याचा पत्ता म्हणून मस्कतचा पत्ता नोंदवावा. टपालाने येणारी पत्रे मात्र चिपळूणच्या पत्त्यावर, माझ्या वडिलांच्या मार्फत पाठवावीत.

2. जुना मोबाइल नंबर काढून टाकावा आणि देशाच्या संकेतांकासह नवा नंबर व ई-मेल नोंदवावा.

3. माझी निवासी स्थिती ‘अनिवासी भारतीय’ अशी नोंदवावी. करनिवासाचे स्वघोषणापत्र सोबत जोडले आहे.

4. जून 2022 पासूनचे सर्व हप्ते माझ्या स्वतःच्या एनआरई खात्यातून भरले जातील. जुन्या बचत खात्यावरील मँडेट रद्द करून एनआरई खात्याचे सोबतचे मँडेट नोंदवावे. नव्या मँडेटची नोंद होईपर्यंतचा हप्ता मी याच एनआरई खात्यातून नेट बँकिंगने भरेन.

प्रत्येक नोंद झाल्यावर नव्या ई-मेलवर कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,

(पॉलिसीवर आहे तशीच सही)

सोबत पासपोर्टची आणि निवासी परवान्याची प्रत, परदेशातल्या पत्त्याचा पुरावा, पॅनकार्डाची प्रत आणि एनआरई खात्याचा रद्द केलेला धनादेश लागतो. प्रती स्वसाक्षांकित चालतील की भारतीय दूतावास किंवा नोटरी यांच्याकडून साक्षांकित करून हव्यात, हे कंपनीला आधी विचारून घ्यावे. यावरून कागद परत आले तर महिना सहज जातो.

सहीवर विशेष लक्ष द्यावे. वीस-बावीसाव्या वर्षी प्रस्तावावर केलेली सही आणि आजची सही यांत फरक पडलेला असतो, आणि परदेशातून आलेल्या पत्रावर सही जुळली नाही तर शाखा पुढे पाऊल टाकत नाही. आपल्याला ही अडवणूक वाटली तरी तीत आपले रक्षण आहे. एखाद्याची पॉलिसी लाटायची असेल तर ठगही पहिल्यांदा संपर्काचा पत्ताच बदलून घेतो. सही बदललेली असेल तर ते आधीच सांगून नवी सही नोंदवायला सांगावी.

तिसऱ्या आणि दुसऱ्या मुद्द्यामागचे कारण

करनिवासाचे स्वघोषणापत्र पाहून अनेकजण बिचकतात. ओमानमध्ये पगारावर आयकर नाही, मग करनिवास कसला, असे त्यांना वाटते. बँका आणि विमा कंपन्यांनी आपला ग्राहक कोणत्या देशाचा करनिवासी आहे हे विचारून नोंदवावे, अशी देशादेशांतल्या माहिती-देवाणघेवाणीच्या करारांची अट आहे. ज्या पॉलिसीला सरेंडर मूल्य असते, तीही या दृष्टीने आर्थिक खातेच मानली जाते. कर लागत नसला तरी देशाचे नाव द्यावेच लागते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तर आपली भारतातली अशी पॉलिसी तिथल्या कर सल्लागाराला आवर्जून सांगावी, कारण परदेशी खात्यांच्या वार्षिक माहितीत तिचा उल्लेख करावा लागू शकतो.

मोबाइल नंबराचा मुद्दा दिसतो त्याहून गंभीर आहे. भारतातले प्रीपेड सिम 90 दिवस वापरले नाही आणि त्यात किमान शिल्लकही नसली तर ते बंद होऊ शकते. पुढे काही काळाने तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. विमा कंपनीच्या नोंदीत जुना नंबर राहिला, तर हप्ता चुकल्याचा निरोप आणि ओटीपी दोन्ही एका अनोळखी माणसाच्या फोनवर जातात. नवा नंबर लिहिताना जुना नंबर ‘काढून टाकावा’ असे स्पष्ट म्हणायचे ते यासाठीच. नाहीतर नवा नंबर पर्यायी म्हणून जोडला जातो आणि मुख्य जागी जुनाच राहतो.

परदेशातून हप्ता येण्याच्या वाटा

पहिली आणि सर्वात निर्धोक वाट एनआरई खात्यातून जाते. मस्कतच्या बँकेतून किंवा एक्स्चेंज हाउसमधून आपल्या एनआरई खात्यात पैसे पाठवायचे आणि तिथून हप्ता रुपयांत भरायचा. विमा कंपनीच्या बाजूने हा साधा देशांतर्गत व्यवहार असतो. पॉलिसी क्रमांक, रक्कम, देय तारीख सगळे जुळते आणि पावती लगेच मिळते. हप्ता आपोआप कापला जावा म्हणून मँडेट द्यायचे असते. त्या फॉर्मवर खात्याच्या प्रकाराची वेगळी चौकट असते आणि तिथे साधे बचत, एनआरई आणि एनआरओ असे स्वतंत्र पर्याय असतात. सवयीने बचत खात्यावर खूण केली की बँक मँडेट नाकारते. फॉर्मवरची सही बँकेत नोंदलेली हवी. विमा कंपनीकडे एक सही आणि बँकेत दुसरी असेल तर पत्रावर एक आणि मँडेटवर दुसरी करावी लागते, हे लक्षात ठेवावे.

मँडेट पाठवले म्हणजे ते नोंदले गेले असे नाही. ते विमा कंपनीकडून बँकेकडे जाते, बँक तपासते, मगच चालू होते. देय तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी पाठवलेले मँडेट त्या वर्षीच्या हप्त्याला उपयोगी पडेलच असे नाही. म्हणून पत्रातल्या चौथ्या मुद्द्यात ‘नोंद होईपर्यंतचा हप्ता मी स्वतः भरेन’ हे वाक्य आहे. जुने मँडेट आपोआप चालत राहील या भरवशावरही राहू नये. बचत खाते एनआरओ झाले की काही बँकांत खाते क्रमांक बदलतो आणि मँडेट परत जाते. क्रमांक तोच राहिला तर उलट घडते: हप्ता मुकाट्याने एनआरओ खात्यातून कापला जातो आणि आपण ठरवलेले प्रमाण बिघडते.

यूपीआय वापरणाऱ्यांसाठी एक सोय झाली आहे. ओमान, संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, कतार, सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन अशा काही देशांतले मोबाइल नंबर एनआरई आणि एनआरओ खात्यांना जोडून यूपीआय चालवायला 2023 मध्ये परवानगी मिळाली. आपली बँक ती सोय देते का, हे विचारून घ्यावे.

दुसरी वाट म्हणजे परदेशी बँकेतून विमा कंपनीच्या खात्यात थेट वायर ट्रान्स्फर. ही रक्कम परकीय चलनातली धरली जाते, म्हणजे कायद्याच्या बाजूने ती उत्तम. अडचण व्यवहारात येते. पैसे मधल्या एक-दोन बँकांतून जातात आणि त्या आपले शुल्क कापून घेतात. वर भारतात पोचताना रूपांतराचा दर हलतो. समजा 48,000 रुपये होतील अशा हिशेबाने रियाल पाठवले आणि कंपनीच्या खात्यात 46,900 जमा झाले. विमा कंपनी अपुरा हप्ता लावून घेत नाही. ती रक्कम पॉलिसीला न लागता अनामत पडून राहते, शाखेच्या बोलीत ‘सस्पेन्सला जाते’. पाठवताना पॉलिसी क्रमांक नीट लिहिला नसेल, तर पूर्ण रक्कम येऊनही तेच होते, कारण ती कुणाची आहे हे कंपनीला कळत नाही. हीच वाट घ्यायची असेल, तर सर्व शुल्क पाठवणाऱ्याने सोसायचे हा पर्याय निवडावा, रक्कम थोडी जास्त पाठवावी, संदेशाच्या रकान्यात पॉलिसी क्रमांक आणि देय तारीख लिहावी आणि त्याच दिवशी शाखेला व्यवहाराचा क्रमांक ई-मेलने कळवावा.

तिसरी वाट घरच्यांच्या खात्याची. अडीअडचणीला ती वापरावीच, कारण एका हप्त्याचे प्रमाण बिघडणे हे पॉलिसी बंद पडण्यापेक्षा कितीतरी बरे. पण ती कायमची व्यवस्था असू नये.

पैसे गेले, हप्ता लागला का?

परदेशी राहणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. आपल्या बँकेच्या स्टेटमेंटवर रक्कम वजा झालेली दिसते आणि आपण निश्चिंत होतो. पण हप्ता भरला गेला याचा पुरावा आपल्या बँकेत नसतो, तो पॉलिसीच्या नोंदीत असतो. एलआयसीच्या पॉलिसीच्या स्थितीत ‘एफयूपी’ म्हणून एक तारीख दिसते. पुढचा न भरलेला हप्ता कधीचा आहे, ते ती सांगते. 15 जून 2022 चा वार्षिक हप्ता लागला की ही तारीख जून 2023 वर सरकायला हवी. ती जून 2022 वरच थांबली असेल तर पैसे कुठेही असोत, हप्ता लागलेला नाही. इतर कंपन्यांच्या पोर्टलवर हीच गोष्ट ‘पुढील देय तारीख’ म्हणून दिसते. वर्षातून एकदा, देय तारखेनंतर आठवड्याभरात, ही तारीख पाहणे हे एक काम परदेशातल्या विमाधारकाने दुसऱ्या कुणावर सोपवू नये.

आठवड्याभरात पाहिले तर दुरुस्तीला वेळ राहतो. वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्यासाठी साधारण 30 दिवसांची सवलत मिळते, मासिक हप्त्याला 15 दिवसांची. या काळात विमाछत्र चालू असते. आपल्या अभियंत्याकडे जुलैच्या मध्यापर्यंत वेळ आहे. तोवर कमी पडलेले 1,100 रुपये भरून शाखेला जुनी रक्कम हप्त्याला लावायला सांगता येते.

सवलतीचा काळही गेला की पॉलिसी लॅप्स होते. किमान ठरलेली वर्षे हप्ते भरले असतील तर तिचे काही मूल्य टिकते, पण विमाछत्र पूर्वीइतके राहत नाही. नेहमीच्या पारंपरिक पॉलिसीचे पुनरुज्जीवन पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांच्या आत करता येते. त्यासाठी थकलेले हप्ते व्याजासह भरावे लागतात आणि प्रकृती चांगली असल्याचे घोषणापत्र द्यावे लागते. वय, विम्याची रक्कम आणि किती काळ पॉलिसी बंद होती, यावरून वैद्यकीय तपासणीही मागितली जाऊ शकते, आणि मस्कतमध्ये बसून ती कंपनीला मान्य होईल अशी करवून घेणे सोपे नसते.

पैशापलीकडचे एक नुकसान फारसे कुणी सांगत नाही. विमा कायद्याच्या 45 व्या कलमानुसार पॉलिसीला तीन वर्षे झाल्यावर, प्रस्तावात काही लपवले किंवा चुकीचे सांगितले या कारणावरून कंपनीला ती नाकारता येत नाही. पण पॉलिसीचे पुनरुज्जीवन झाले तर ही तीन वर्षे पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून पुन्हा मोजता येतात. आठ-नऊ वर्षे निर्धोक चाललेली पॉलिसी सस्पेन्समध्ये पडलेल्या एका हप्त्यामुळे पुन्हा तपासणीच्या कक्षेत येते. घरच्यांना दाव्याच्या वेळी याची झळ बसू शकते.

रक्कम चुकीची जाण्याचे आणखी एक कारण अलीकडे घडले. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला. जुन्या पावतीवरचा आकडा पाहून पैसे पाठवणाऱ्यांनी यंदाची देय रक्कम पोर्टलवर पाहूनच पाठवावी.

पुरावा दरवर्षी जमवावा

परकीय चलनातल्या हप्त्यांचे प्रमाण मुदतपूर्तीला आपल्यालाच दाखवावे लागते. पंधरा वर्षांनी बँकेकडे जुने स्टेटमेंट मागितले तर ते मिळेलच असे नाही, कारण नोंदी जपण्याचे बँकांवरचे बंधन ठरावीक वर्षांपुरते असते. खाते दुसऱ्या बँकेत नेले असेल किंवा बँकेचे विलीनीकरण झाले असेल, तर काम आणखी अवघड. म्हणून दरवर्षी दोन कागद एकत्र ठेवावेत: हप्त्याची पावती आणि एनआरई खात्याच्या स्टेटमेंटचे ते पान, ज्यावर हप्ता वजा झालेला दिसतो. वायर ट्रान्स्फर केले असेल तर पैसे परदेशातून आल्याची बँकेची सूचना तिसरा कागद म्हणून जोडावी. पत्राची प्रत आणि शाखेची पोच हे या फायलीचे पहिले पान.

पोच न मिळाल्यास स्मरणपत्र पाठवावे, मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. तरीही हलले नाही तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत. तिथे वकील लागत नाही, पण तारीखवार पत्रव्यवहार लागतो.

एक सावधगिरीही हवी. ‘तुमची पॉलिसी लॅप्स झाली आहे, एवढे पैसे भरा, बोनस मिळेल’ असे फोन परदेशातल्या विमाधारकांच्या घरी, बहुधा वयस्क आईवडिलांना, येतात. विमा नियामक कुणालाही फोन करून बोनस वाटत नाही. पॉलिसी खरोखर थकली आहे का, हे आपणच पोर्टलवर तारीख पाहून सांगू शकतो, आणि हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवावे.

वारसदार कुठे राहतो?

हे सगळे मुदतपूर्ती डोळ्यांसमोर ठेवून सांगितले. पण विमा घेतला तो मुदतीआधी काही झाले तर घर सावरावे म्हणून. मृत्युदाव्याच्या रकमेलाही प्रमाणाचा तोच नियम लागतो, पण तो लागतो दावेदार भारताबाहेर असेल तेव्हा. नामनिर्देशित व्यक्ती चिपळूणला राहणारी आई असेल, तर रक्कम तिच्या इथल्या खात्यात रुपयांत येईल, हप्ते कोणत्या खात्यातून गेले याने तिला फरक पडणार नाही. पत्नी मुलांसह मस्कतला असेल आणि तिथेच राहणार असेल, तर एनआरई खात्यातून भरलेल्या हप्त्यांचा भाग तिला तिकडे विनासायास मिळेल. लग्नाआधी घेतलेल्या अनेक पॉलिसींवर नामनिर्देशन अजून आईवडिलांचेच असते. ते बदलायचे असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज असतो. तो याच पत्रासोबत पाठवावा, पण पत्राच्या मजकुरात मिसळू नये.

देश बदलला, नोकरी सोडून परत आलात किंवा बँक बदलली, तर पत्र पुन्हा लिहावे लागते. परत आल्यावर एनआरई खाते निवासी खात्यात बदलावे लागते आणि त्यावरचे मँडेटही नव्याने द्यावे लागते. प्रत्येक वेळी पत्राची एक प्रत पत्नीला किंवा आईवडिलांना द्यावी आणि त्यांना तीन गोष्टी ठाऊक असू द्याव्यात: पॉलिसी क्रमांक, सर्व्हिसिंग ब्रँच आणि पुढचा हप्ता कधीचा आहे. दावा त्यांनाच करायचा असतो, आणि त्या वेळी समजावून सांगायला विमाधारक नसतो.